प्रबंध सोमवारी द्यायचाय आणि संदर्भसूचीत पाटीलच पाटील : शेवटची तपासणी कशी करता?

तंबाखूचं_पान (निपाणी) · रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पुढच्या सोमवारी प्रबंध विद्यापीठात जमा करायचाय. विषय १९८१चं निपाणीचं तंबाखू आंदोलन. प्रबंध मराठीत आहे, साधनं मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांतली, शिवाय मी घेतलेल्या २६ मुलाखती. विद्यापीठाला एपीएची सातवी आवृत्ती हवीय. सूचीत १६३ नोंदी आहेत. पहिली तीन प्रकरणं हाताने टाईप केली, नंतरची झोटेरो लावून. त्यातलं दुसरं प्रकरण तर एम.फिल.च्या वेळचं, तेव्हा तळटिपा होत्या.

आज सहज एक पान उघडलं तर मजकुरात (पाटील, २००४) आणि सूचीत २००४चे दोन पाटील. दोघेही खरे, दोघेही मी वाचलेले. मग मोजलं, तर अख्ख्या प्रबंधात (पाटील, २००४) अकरा ठिकाणी आहे. कुठला पाटील कुठे, आता मलाच सांगता येईना. मार्गदर्शक बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सूची एकदा नजरेखालून घाल." नजरेखालून तीनदा घातली हो. तुम्ही लोक ही तपासणी नेमकी कशी करता?

कुंदा_कट्टा · रात्री १०.५२

आमच्या चिकोडी तालुक्यात दगड भिरकावला तर पाटलालाच लागतो. तुझ्या सूचीत दोनच निघाले, नशीबवान आहेस.

शहापूरची_काकू · रात्री ११.०५

अगं, तपासणीचं टेन्शन घेऊ नको. माझ्या भाचीचा रिपोर्ट १२ टक्के आला होता, सगळ्यांनी घाबरवलं. तिने वाक्यं थोडी फिरवून लिहिली आणि ८ वर आला. १० पर्यंत चालतंय.

तंबाखूचं_पान · रात्री ११.०९

काकू, ते वाङ्मयचौर्याचं. माझं ते झालंय, त्यात अडचण नाही. मी म्हणतेय ते संदर्भ जुळतात का ते.

रेल्वेगेट_दुसरं · रात्री ११.३०

काकूंचा दहाचा आकडा बरोबर आहे, यूजीसीच्या २०१८च्या नियमांतला. पण त्या मोजणीतून संदर्भसूची वगळलेली असते. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ आला तरी सूचीत काय घोळ आहे ते त्याला कळतच नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

तुझ्या प्रश्नावर येतो. नजरेखालून घालून काही होत नाही, कारण सूची वाचताना मजकूर समोर नसतो आणि मजकूर वाचताना सूची. दोन याद्या कर आणि एकमेकींवर टाक. वर्डमध्ये Advanced Find उघड, Use wildcards वर टिचकी मार आणि हे टाक:

```
\([!\)]@\)
```

याने कंसात असलेलं सगळं सापडतं. मग Find In मधून Main Document निवडलंस की सगळे कंस एकदम सिलेक्ट होतात. कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटव, एका ओळीत एक येईल. संदर्भ नसलेले कंस उडव. एका कंसात अर्धविरामाने तोडलेले दोन-तीन संदर्भ असतील तर त्यांच्या वेगळ्या ओळी कर. मग प्रत्येकाची 'आडनाव वर्ष' अशी किल्ली कर, म्हणजे 'पाटील २००४'. हा अ स्तंभ समज, म्हणजे एक्सेलचा A. सूचीच्याही तशाच किल्ल्या करून B मध्ये. आणि C मध्ये:

```
=COUNTIF(B:B,A2)
```

शून्य आलं की तो संदर्भ सूचीत नाही. अर्ध्या तासाचं काम.

जुना_प्रूफवाला (टिळकवाडी) · सोमवार, सकाळी ७.१५

गेट क्रमांक दोन, अर्ध्या तासाचं काम नव्हे बाबा. मी तीस वर्षं प्रुफं वाचली, त्यातली शेवटची दहा प्रबंधांची. तुमच्या युक्तीत दोन भोकं आहेत.

पहिलं असं, की मराठीत लेखक बऱ्याचदा कंसाबाहेर असतो. "पाटील (२००४) यांच्या मते" असं लिहिलं की तुमच्या जाळ्यात नुसतं (२००४) अडकतं, नाव निसटतं. आपल्या लोकांना 'यांच्या मते' फार प्रिय, तेव्हा असे निम्मे तरी निघतील. नुसतं वर्ष असलेला प्रत्येक कंस मजकुरात जाऊन बघावा लागतो आणि नाव हाताने भरावं लागतं.

दुसरं म्हणजे Main Document निवडलं की तळटिपा सुटतात. ताईंचं दुसरं प्रकरण तळटिपांचं होतं म्हणतात. तिथे Footnotes निवडून पुन्हा शोधावं लागेल. आणि तिथे 'तत्रैव' किती राहिलेत तेही बघा. एपीएत तत्रैव चालत नाही हे एक झालं. पण मोठा धोका वेगळाच आहे. मध्ये कधीतरी नवी तळटीप घातली असेल तर तिच्या खालचा 'तत्रैव' आता त्या नव्या माणसाकडे बोट दाखवतो. तत्रैव काढताना वरची टीप बघून नाव भरू नका. जुनी एम.फिल.ची प्रत काढा आणि त्यात वर काय होतं ते बघा.

रेल्वेगेट_दुसरं · सकाळी ८.०२

मान्य, काका. माझा प्रबंध इंग्रजीत होता, अभियांत्रिकीचा, सगळे संदर्भ चौकटी कंसात आकड्यांचे. 'यांच्या मते' आलंच नाही.

सीमेवरचा_ग्रंथपाल · सकाळी ९.४०

मी सांगतो ते जरा लक्ष देऊन वाचा ताई, कारण तुमचे पाटील वरच्या सूत्रात सापडणार नाहीत.

COUNTIF चं उत्तर शून्य आलं तर संदर्भ हरवलाय हे सगळे सांगतात. पण उत्तर दोन आलं तर? म्हणजे मजकुरातल्या एका संदर्भाला सूचीत दोन धनी आहेत. 'पाटील २००४' ला तेच होईल. शून्य बघून आपण धावतो आणि दोन बघून "आहे की" म्हणून पुढे जातो. म्हणून चाळणी लावताना एक सोडून बाकी सगळं बघायचं.

आता दोन धनी कशामुळे, यावर उपाय ठरतो. लेखक एकच आणि वर्षही एकच असेल तर वर्षापुढे अक्षर लागतं, २००४अ, २००४ब. ग्रंथनामाच्या वर्णक्रमाने जे आधी ते अ. लेखक वेगवेगळे पण आडनाव एक असेल तर अक्षर लावायचं नाही. तिथे मजकुरात आद्याक्षरं लावायची, आणि एपीएत ती त्या आडनावाच्या प्रत्येक उल्लेखाला लागतात, वर्ष वेगळं असलं तरी. म्हणजे सूचीत पहिल्या जागी येणारे दोन वेगळे पाटील असतील, तर १९९६चा पाटीलसुद्धा आद्याक्षरासकट. सीमाभागातल्या प्रबंधात पाटील, देसाई, कुलकर्णी, जोशी ही चार आडनावं आधी काढा.

अजून एक. तुमच्या किल्ल्या एकाच लिपीत करा. इंग्रजी लेखाचा 'Patil 2004' आणि मराठी पुस्तकाचा 'पाटील २००४' एक्सेलला वेगळेच वाटणार. दोघांचीही मोजणी एक येईल आणि घोळ झाकला जाईल. तुमचे दोन पाटील एकाच भाषेत आहेत का?

तंबाखूचं_पान · सकाळी १०.१०

सर, नाहीत! एकाचं पुस्तक मराठी, दुसऱ्याचा लेख इंग्रजी. नावं इथे देत नाही, अ. पाटील आणि ग. पाटील म्हणू. सूची मी भाषेप्रमाणे तीन भागांत केलीय. मजकुरात मात्र सगळं देवनागरीत, बाईंनी तसंच सांगितलंय.

सीमेवरचा_ग्रंथपाल · सकाळी १०.२५

मग रोगाचं मूळ तेच. वाचक (पाटील, २००४) वाचून मराठी यादीत जातो, तिथे एक पाटील मिळतो, खूश होऊन परततो. इंग्रजी यादीत दुसरा बसलाय हे त्याला कळत नाही. तुम्हालाही इतके दिवस म्हणूनच कळलं नाही.

खानापूरची_वाट · सकाळी ११.००

भाषेप्रमाणे यादी करूच नये, असं माझं मत. एपीएत सलग एकच यादी असते. माझ्या प्रबंधात कन्नड आणि मराठी नोंदी रोमन लिपीत घेतल्या, शीर्षकाचं इंग्रजी भाषांतर चौकटी कंसात दिलं आणि सगळं ए टू झेड. कुठला कुठे असला प्रश्नच आला नाही.

जुना_प्रूफवाला · सकाळी ११.२०

तुमचा प्रबंध इंग्रजीत होता ना? मराठी प्रबंधाच्या शेवटी मराठी पुस्तकांची नावं रोमनमध्ये? माझ्या तर पचनी पडत नाही. वाचणारा मराठी, पुस्तक मराठी, आणि मधे हा लिपीचा फेरा कशाला?

खानापूरची_वाट · सकाळी ११.२६

काका, शोधगंगेवर गेल्यावर वाचणारा कुठलाही असतो.

जुना_प्रूफवाला · सकाळी ११.३१

असू दे की. तो मराठी प्रबंध वाचतोय म्हणजे त्याला मराठी येतंय.

कुंदा_कट्टा · सकाळी ११.४०

सुरू झाली लढाई. आता कुणीतरी बेळगाव की बेळगावी काढा म्हणजे धागा शंभरी गाठेल.

चावडी_कन्नडवाला · दुपारी १२.०५

काढतोच. खरा प्रश्न आहे तो. माझ्या सूचीत प्रकाशनस्थळ कुठे बेळगाव, कुठे Belgaum, कुठे बेळगावी. मार्गदर्शक म्हणाले, २०१४ला नाव बदललंय, सगळीकडे बेळगावी करा. मी बदलून टाकलं, १८८४च्या गॅझेटिअरच्या नावातसुद्धा. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "१८८४ला हे नाव कुठून आणलंत?" सगळे हसले, मीच नाही.

सीमेवरचा_ग्रंथपाल · दुपारी १२.३०

ग्रंथाचं नाव, संस्थेचं नाव, शीर्षकपानावर छापलंय तसंच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या एकविसाव्या खंडावर Belgaum छापलंय, तर तेच. तुमच्या स्वतःच्या वाक्यात काय लिहायचं ते तुम्ही आणि तुमचं विद्यापीठ बघा. आणि Replace All सूचीवर कधी चालवायचं नाही.

बाकी एपीएच्या सातव्या आवृत्तीत पुस्तकाचं प्रकाशनस्थळ द्यायचंच नाही, नुसता प्रकाशक. सहावीत होतं. म्हणून काही नोंदींत गाव आहे आणि काहींत नाही असं दिसलं, की समजायचं दोन आवृत्त्यांची सरमिसळ झालीय. ताई, तुमची पहिली तीन प्रकरणं जुनी ना? त्यांच्या नोंदींत गावं असणार.

वर्तमानपत्राला मात्र गाव हवं. 'तरुण भारत' नुसतं लिहिलंत तर बेळगावचा की नागपूरचा?

तंबाखूचं_पान · दुपारी १.१५

गावं आहेत, मोजली. ४१ नोंदींत. आज रात्री काढते.

वर्तमानपत्रांचं विचारणारच होते. एप्रिल १९८१मधल्या सात बातम्या घेतल्यात, एकालाही बातमीदाराचं नाव नाही. मजकुरात सगळीकडे (तरुण भारत, १९८१).

खानापूरची_वाट · दुपारी १.४०

बातमीदार नसेल तर मथळा लेखकाच्या जागी येतो. मजकुरातही मथळ्याचे पहिले दोन-तीन शब्द अवतरणात आणि वर्ष. मथळे वेगळे असले की अ-ब लावायची गरजच नाही.

जुना_प्रूफवाला · दुपारी २.००

नियम तसा आहे, नाकारत नाही. पण वाचकाला कसं कळावं की अवतरणातले ते तीन शब्द म्हणजे बातमी आहे? मी वर्तमानपत्राचं नाव पुढे ठेवून तारखेच्या क्रमाने १९८१अ, १९८१ब असं करून घ्यायचो. परीक्षक कधी कुरकुरले नाहीत.

सीमेवरचा_ग्रंथपाल · दुपारी २.१०

काकांची पद्धत एपीए नाही, पण वाचायला सोपी आहे हे खरं. ताई, बाईंना विचारा आणि जे ठरेल ते सातही बातम्यांना सारखं लावा. आता आहे तसं ठेवणं मात्र चालणार नाही.

मोडी_वेडा · संध्याकाळी ६.२०

जरा विषयांतर. कुणी देवनागरी यादी वर्डच्या सॉर्टने लावलीय का? माझ्या यादीत 'कळसकर' आला 'कवठेकर'च्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ ह-नंतर, संगणकाच्या क्रमात तो ल-ला चिकटून. अनुस्वाराचंही तेच, 'संत' गेला 'सकपाळ'च्या वर. शेवटी हाताने लावली.

जुना_प्रूफवाला · संध्याकाळी ६.४५

अनुस्वाराबद्दल कोशाकोशांतही एकमत नाही, तेव्हा तो जिथे असेल तिथे असू दे, फक्त सगळीकडे एकाच रीतीने. ळ मात्र खटकतो.

रेल्वेगेट_दुसरं · रात्री ९.००

@तंबाखूचं_पान, झोटेरोच्या प्रकरणांसाठी एक सांगायचं राहिलं. वर्डच्या Options मध्ये Advanced खाली Field shading असतं, ते Always कर. झोटेरोने घातलेले संदर्भ करडे दिसतील. करडा नसलेला कंस म्हणजे घाईत हाताने टाईप केलेला. तो झोटेरोला दिसतच नाही, त्यामुळे सूचीतही येत नाही. माझ्या मित्राचे अशाने बारा संदर्भ सूचीबाहेर राहिले होते.

आणि सूचीत २००४a, २००४b दिसले आणि दोन्हींचं शीर्षक एकच असेल, तर तेच पुस्तक झोटेरोत दोनदा पडलंय. Duplicate Items मध्ये जाऊन Merge कर. अक्षरं आपोआप जातात.

खानापूरची_वाट · रात्री ९.२०

याच्या उलटही होतं. एकाच लेखकाचं नाव एका नोंदीत पूर्ण आणि दुसरीत आद्याक्षरं असं भरलं, की झोटेरोला ते दोन माणसं वाटतात. मग मजकुरात मधेच आडनावाआधी आद्याक्षर उगवतं. ते हाताने खोडू नका, पुन्हा उगवतं. झोटेरोतलं नाव सारखं करा.

तंबाखूचं_पान · बुधवार, रात्री ११.५०

दोन दिवस इथे फिरकले नाही, तेच करत बसले होते. एक गंमत ऐका. पहिल्या तीन प्रकरणांच्या किल्ल्यांना COUNTIF सगळीकडे शून्य! एक तर नोंदींत कुठे 1998 आणि कुठे १९९८. ते सारखं केलं तरी 'जोशी १९९८' जुळेना. डोळ्यांनी बघितलं तर अगदी तोच जोशी. रडायची वेळ आली.

रेल्वेगेट_दुसरं · गुरुवार, सकाळी ७.५०

ती प्रकरणं श्री-लिपीत टाईप करून मग युनिकोड केली होती का? जोशीचं आडनाव वेगळ्या चौकटीत, समज E2 मध्ये, घे आणि लांबी मोज.

```
=LEN(E2)
```

चार यायला हवं. पाच आलं तर 'जो'तला ओकार एक चिन्ह नसून काना आणि मात्रा अशी दोन चिन्हं आहेत. फाँट बदलणाऱ्या प्रोग्रामची करामत. दिसायला तेच, संगणकाला वेगळं.

तंबाखूचं_पान · सकाळी ८.१५

पाच! होय की, खडेबाजारातल्या टायपिंगवाल्या दादांनी केलं होतं ते. सगळे काना-मात्रा एकत्र केले, आता मोजणी नीट येतेय.

जुना_प्रूफवाला · सकाळी ८.३०

आता जे उरेल ते खरं. दोन ढीग करा. मजकुरात आहेत पण सूचीत नाहीत, हा एक. सूचीत आहेत पण मजकुरात नाहीत, हा दुसरा. आणि लगेच खोडाखोड करू नका. दोन्ही ढीग शेजारी ठेवा, आधी त्यांची लग्नं जुळवा. इकडे 'देसाई १९८९' पोरका आणि तिकडे 'देसाई १९९८' पोरका, तर बहुतेक माणूस एकच, आकडे उलटलेत. खरं वर्ष कुठलं ते पुस्तकाच्या शीर्षकपानाच्या मागच्या बाजूवरून. आपल्याच टिपणावरून नको, तिथेच चूक झालेली असते.

शहापूरची_काकू · सकाळी ९.१०

आणि न वापरलेली पुस्तकं काढू नको बरं का. सूची जाड दिसली की परीक्षकांवर छाप पडते. आमच्यात सगळे तसंच करतात.

सीमेवरचा_ग्रंथपाल · सकाळी ९.३५

काकू, 'संदर्भग्रंथसूची' असं नाव देऊन वाचलेली सगळी पुस्तकं देण्याची जुनी मराठी पद्धत आहे, ती चूक नव्हती. पण एपीएच्या सूचीत मजकुरात आलेलीच पुस्तकं असतात. आणि परीक्षक जाडी बघत नाहीत. त्यांचं स्वतःचं पुस्तक आहे का ते बघतात, आणि असलं तर मजकुरात कुठे वापरलंय ते शोधतात. तिथे ते न सापडणं वाईट.

चावडी_कन्नडवाला · सकाळी १०.००

मुलाखतींचं काय? माझ्या वेळी सर म्हणाले, मुलाखत म्हणजे खाजगी संवाद, मजकुरात नाव आणि तारीख द्यायची, सूचीत घ्यायची नाही. तुझ्या २६ मुलाखती 'मजकुरात आहे, सूचीत नाही' ढिगात पडल्या असतील, त्या सोडून दे.

सीमेवरचा_ग्रंथपाल · सकाळी १०.३०

अर्धं बरोबर. कुणाशी फोनवर बोललात, पत्र आलं, तर तो खाजगी संवाद आणि त्याचा नियम तुम्ही म्हणता तोच. पण संशोधनासाठी ठरवून घेतलेल्या मुलाखती हा ताईंचा स्वतःचा विदा आहे. त्याला संदर्भ म्हणून कंस लावायचाच नसतो. "निपाणीचा एक शेतकरी म्हणाला" असं मजकुरात सांगायचं आणि पद्धतीच्या प्रकरणात मुलाखती कशा घेतल्या ते लिहायचं. यादी द्यायची तर परिशिष्टात, तीही ज्यांनी नाव द्यायला संमती दिलीय त्यांचीच.

तंबाखूचं_पान · शनिवार, रात्री १०.१५

हिशेब देते. मजकुरात आहेत आणि सूचीत नाहीत असे ९ निघाले. उलटे १४. काकांनी सांगितल्याप्रमाणे शेजारी ठेवले तर सहा लग्नं जुळली! दोन ठिकाणी वर्ष उलटं, तीन ठिकाणी आडनाव एकदा शाह एकदा शहा, एका ठिकाणी सूचीत लेखकाच्या जागी संपादक. उरलेले तीन सूचीत नव्यानं घातले. चौदातले आठ उरले, ते काढले. काकू, माफ करा. तत्रैव सात होते. त्यातले दोन खरोखरच चुकीच्या माणसाकडे बोट दाखवत होते, जुनी प्रत काढली नसती तर कळलंच नसतं. वर्तमानपत्राला बाई म्हणाल्या मथळा पुढे, तर तसं.

आता पाटील. अकरा जागा होत्या. ग्रंथपाल सरांनी सांगितलं होतं म्हणून आद्याक्षरं लावायला बसले, पण कुणाची लावायची? तेव्हा पृष्ठांक बघितले. ग. पाटलांचा इंग्रजी लेख नियतकालिकात ४१ ते ५६ या पानांवर आहे. अ. पाटलांचं पुस्तक तीनशे पानांचं. म्हणजे पृ. २१४ किंवा पृ. १७८ असेल तर तो लेख असूच शकत नाही. असे चार सुटले. पृ. ४३, ४७, ५२ असे तीन होते. मला वाटलं हे लेखातले, झालं. तरी पुस्तकाचं पान उघडून बघितलं तर ५२वाला उतारा पुस्तकाच्या ५२व्या पानावर! म्हणजे पुस्तकाचे पाच, लेखाचे दोन. पृष्ठांक नसलेल्या चार जागा उरल्या. वह्या काढल्या. त्यातल्या दोन लेखाच्या. एक निघाला पाटील २०१४, टाईप करताना एकच्या जागी शून्य पडलं होतं, आणि तो पाटील सूचीत नव्हताच. त्याला COUNTIF ने पकडलं नाही, कारण चुकीचं वर्षही सूचीत होतंच.

रेल्वेगेट_दुसरं · रात्री १०.४०

दोनचं उत्तर दिलं असणार त्याने. आपणच शून्य शोधत होतो. आणि हे दहाच झाले, अकरावा?

तंबाखूचं_पान · रात्री १०.४६

अकरावा सापडत नाहीये. गावातल्या वखारी आणि व्यापाऱ्यांच्या उचलीबद्दलचं वाक्य आहे. पुस्तकात नाही, लेखात नाही, २०१४च्यातही नाही. वहीत नुसतं 'पाटील' लिहिलंय, तेही पेन्सिलीने.

जुना_प्रूफवाला · रात्री ११.०५

तर मग ते वाक्य काढा. किंवा तुमच्या मुलाखतींत कुणी ते सांगितलं असेल तर त्याच्या तोंडी द्या.

सीमेवरचा_ग्रंथपाल · रात्री ११.२०

वाक्याच्या आधी-नंतर वहीत काय आहे? टिपणं बहुतेक वेळा एका बैठकीत एकाच कपाटासमोर केलेली असतात.

तंबाखूचं_पान · रात्री ११.३८

आधीच्या पानावर एका मुलाखतीची टिपणं आहेत. थांबा... त्या आजोबांचं आडनाव पाटील.

कुंदा_कट्टा · रात्री ११.४०

🙏

तंबाखूचं_पान · रात्री ११.५५

पण २००४ कुठून आलं मग? मुलाखत तर २०२१ची. रेकॉर्डिंग ऐकते आता, दोन तासांचं आहे. त्यांनी तसं म्हटलेलं सापडलं तर त्यांच्या नावावर, नाही तर काका म्हणतात तसं वाक्य जाईल.